पोळीऐवजी पाव, चक्क्याऐवजी क्वार्क

परदेशी शिकणाऱ्या मुलीला घरून पहिला प्रश्न येतो तो जेवलीस का, आणि दुसरा काय जेवलीस. मूळची कराडची, शाकाहारी घरात वाढलेली आणि म्युनिकमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणारी एखादी विद्यार्थिनी त्याचे सविस्तर उत्तर आई-बाबांना लिहून पाठवते, तेव्हा त्या संदेशात एक स्वयंपाकघर दुसऱ्या देशात कसे मांडले जाते याची हकिगत येते. तिथे काय मिळत नाही याची यादी त्यात थोडकीच असते. जे मिळते त्याचा स्वभाव ओळखून घरचा पदार्थ कसा जमवला, हा त्याचा मुख्य भाग असतो.

पहिला बदल जेवणाच्या वेळेचा. जर्मनीत गरम, पोटभर जेवण परंपरेने दुपारी होते आणि संध्याकाळी पाव, लोणी, चीज, काकडी-टोमॅटो असे थंड खाणे असते. त्याला ‘आबेंडब्रोट’ म्हणजे संध्याकाळचा पाव असेच म्हणतात. विद्यापीठाच्या ‘मेन्झा’ या खानावळीत दुपारी विद्यार्थ्यांना सवलतीच्या दरात गरम जेवण मिळते आणि त्यात शाकाहारी पदार्थ असतात. रात्री वर्गातून दमून येऊन पोळी-भाजी करण्याचा हट्ट सोडून दुपारचे जेवण मेन्झात आणि रात्री पाव, अशी घडी बसवली की अर्धा प्रश्न सुटतो. घरचा स्वयंपाक मग सुट्टीच्या दिवशी निवांत करता येतो. मात्र त्याचा बाजार शनिवारीच करावा लागतो, कारण रविवारी जवळपास सगळी दुकाने बंद असतात.

हा पाव आपल्याकडच्या पावासारखा मऊ नसतो. राय या धान्याच्या पिठात गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा तयार होत नाही, म्हणून त्याचा पाव दाट आणि जड होतो. ते पीठ आंबवावेच लागते, नाहीतर पाव आतून चिकट राहतो. त्यामुळे त्याला आंबूस चव असते. सुरुवातीला हा पाव घशाखाली उतरत नाही, आणि एकदम भरपूर खाल्ला तर त्यातल्या कोंड्याने पोटात वायू धरतो. गहू आणि राय यांच्या मिश्रणाचा ‘मिशब्रोट’ आधी काही आठवडे खाऊन मग पूर्ण धान्याच्या पावाकडे जाणे सोपे पडते. भाकरीची सवय असलेल्या जिभेला तो शेवटी आवडू लागतो.

पोळीची गोष्ट जास्त अवघड. जर्मन दुकानात पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. शंभर ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, ते हा आकडा सांगतो. राख मुख्यतः धान्याच्या बाहेरच्या थरांतून येते, म्हणून आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. 405 हा आपला मैदा समजावा. पूर्ण धान्याच्या पिठाला आकडा नसतो, त्यावर नुसते ‘फोल्कॉर्न’ लिहिलेले असते. नवखी मुलगी तेच कणीक समजून घेते आणि पोळी लाटताना कडा फाटतात. आपली चक्की गहू दगडाखाली भरडते, त्यात पिठाचे कण अधिक मोडतात आणि कणीक जास्त पाणी धरते. तिकडच्या फोल्कॉर्नमध्ये कोंड्याचे कण बहुधा मोठे राहतात आणि ते कणकेचा ताण तोडतात. उपाय असा: निम्मे 550 आणि निम्मे फोल्कॉर्न घ्यावे, गरम पाण्याने सैलसर भिजवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे कोंडा पाणी पिऊन मऊ होतो. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला तर कणीक तयार आहे. वसतिगृहात बहुतेक विजेची शेगडी असते, फुलका आचेवर धरता येत नाही. तव्यावरच स्वच्छ फडक्याने दाबून तो फुगवावा लागतो.

वरण-आमटीची सोय मात्र तिथेच आहे. जर्मन घरात ‘टेलरलिन्झन’ ही हिरवट-तपकिरी, चपटी, सालासकटची डाळ पिढ्यानपिढ्या शिजते. हा मसूरच आहे. ज्या मुलीच्या गावाकडे ढाब्यावर अख्खा मसूर हा मानाचा पदार्थ, तिला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. पण डाळ शिजत नाही, अशी तक्रार पहिल्याच वेळी येते. म्युनिकचे पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियममुळे साल कडक राहते, आणि कुकर जवळ नसतो. डाळ काही तास भिजवून त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की ती शिजते. चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आमसूल किंवा टोमॅटो डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचा, कारण आंबट पडले की डाळ शिजणे थांबते. श्वाबियातल्या बायकाही याच डाळीत व्हिनेगर शेवटीच घालतात.

दुधाच्या पदार्थांत क्वार्क हे मोठे वरदान. बव्हेरियात त्याला ‘टोपफेन’ही म्हणतात. दूध आंबवून, पाणी काढून केलेला हा पदार्थ आपल्या चक्क्याचा जवळचा नातलग आहे. बिनसायीच्या क्वार्कमध्ये शंभर ग्रॅममागे सुमारे 12 ग्रॅम प्रथिने असतात आणि किंमत माफक असते. डाळी कमी खाल्ल्या गेल्या की तो भरपाई करतो. श्रीखंडाला मात्र हा क्वार्क चालत नाही, साखर पडताच त्याला पाणी सुटते. पाकिटावर 40 टक्के स्निग्धांश लिहिलेला घ्यावा. तो आकडा कोरड्या भागावर मोजलेला असतो, प्रत्यक्षात स्निग्धांश 11 टक्क्यांच्या आसपास भरतो. दोन तास फडक्यात टांगून मग पिठीसाखर, वेलची घातली की पाडव्याला घरची चव जमते.

शाकाहारी माणसाची फसगत होते ती दिसत नाही अशा ठिकाणी. भाज्यांच्या सूपमध्ये ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, लाल कोबीची भाजी ‘श्माल्त्स’ म्हणजे डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, गोड दह्यात आणि गोळ्यांत जिलेटिन असते, चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण. युरोपीय कायद्याने 14 ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात, पण जिलेटिन किंवा चरबी त्या यादीत नाही. म्हणून ठळक शब्दांवर न विसंबता पूर्ण यादी वाचावी लागते. बेकरीतल्या सुट्या पावाला पूर्ण यादी नसते, तिथे सरळ विचारावे.

हिवाळ्यात तिथले ऊन इतके तिरपे असते की त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

अशा संदेशाच्या शेवटी आईला एक विनंती हमखास असते: तूप पाठवू नकोस. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात किंवा पार्सलमध्ये दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे, खवा सीमाशुल्क तपासणीत जप्त होतात. तूप तिथेच ‘बुटरश्माल्त्स’ या नावाने मिळते. मुलीसाठी बॅग भरणाऱ्या पालकांनी ती जागा गोडा मसाला, आमसुले आणि कुळथाच्या पिठाला द्यावी.