प्रदर्शनाच्या फोटोखाली काय लिहावं?

सी. व्ही. रामन यांनी आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केला आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास अनेक शाळा विज्ञान प्रदर्शन भरवतात. पालकांना निमंत्रण मिळतं ते बहुधा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या फोटोतून आणि त्याखालच्या चार ओळींतून. या ओळी ‘सुप्त गुणांना वाव’ असल्या वाक्यांत खर्ची पडल्या, तर नेमकं काय बघायला यायचं, हे पालकांना कळतच नाही.

खरी कसोटी लागते ती प्रकल्पाबद्दल लिहिताना. ‘पाणी शुद्धीकरण यंत्र’ असं सहज लिहिलं जातं. पण खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गढूळ पाणी निथळून येतं, तरी त्यातले जंतू पुरते जात नाहीत. ते पिण्याजोगं झालं असं कुणी समजू नये, म्हणून ‘गढूळ पाणी नितळ कसं होतं’ एवढंच लिहावं. लिंबाच्या दिव्याचंही तसंच आहे. जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची पट्टी खोचलेल्या एका लिंबातून जेमतेम एक व्होल्ट मिळतो. लाल एलईडीला जवळपास दोन लागतात, म्हणून मुलं तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडतात. शिवाय ही ऊर्जा लिंबातली नसते. जस्त रसात विरघळतं, त्यातून ती मिळते. हे सगळं मजकुरात मावणार नाही. तिथे प्रश्न तेवढा ठेवावा, उत्तर मुलं टेबलाशी देतील.

मजकूर असा करता येईल:

‘चार लिंबांवर दिवा कसा पेटतो? गढूळ पाणी नितळ कसं होतं? सातवी-आठवीची मुलं करून दाखवतील. (शाळेचं नाव) विज्ञान प्रदर्शन, शनिवार, २८ फेब्रुवारी. सकाळी १० ते दुपारी ४, शेवटचा प्रवेश ३.३०. दुपारी १ ते २ मुलांची जेवणाची सुट्टी. पालकांना प्रवेश फक्त मैदानाकडच्या गेट क्र. २ मधून. ओळखपत्र आणावं. मुख्य गेट बंद राहील.’

यातली जेवणाच्या सुट्टीची ओळ बहुतेक वेळा राहून जाते. मग कामावरून तासाभराची सवड काढून आलेल्या पालकांना टेबलं दिसतात, समजावून सांगणारी मुलं दिसत नाहीत. फोटो पुढे पाठवला जातो, त्यामुळे ‘उद्या’ हा शब्द दुसऱ्याच दिवशी चुकीचा ठरतो. वार आणि तारीख दोन्ही हवीत. ‘मागचं गेट’ म्हणजे कोणतं, हे शाळेतल्यांना ठाऊक असतं. नव्या पालकांना मात्र रस्त्याचं नाव किंवा शेजारची खूण लागते. तेव्हा पाठवण्याआधी हा मजकूर शाळेत कधीच न आलेल्या एखाद्याला वाचायला द्यावा आणि कोणत्या गेटपाशी उभं राहाल, एवढंच विचारावं.