पॅनेलची किल्ली कोणाकडे?

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ अॅलिक्विपा नावाचं एक लहान शहर आहे. 25 नोव्हेंबर 2023 रोजी, शनिवारी, तिथल्या पाणीपुरवठा मंडळाच्या एका बूस्टर पंपिंग स्टेशनवर अलार्म वाजला. हे स्टेशन उंचावरच्या दोन वस्त्यांना पुरेशा दाबाने पाणी मिळावं म्हणून चालतं. कर्मचारी जाऊन बघतात तर पॅनेलवरच्या स्क्रीनवर दाबाचे आकडे नव्हतेच. 'तुम्ही हॅक झाला आहात, इस्रायली बनावटीचं प्रत्येक यंत्र आमचं लक्ष्य आहे', अशा अर्थाचा मजकूर झळकत होता. कर्मचाऱ्यांनी ती यंत्रणा बंद केली आणि पंप हाताने चालवायला घेतले. पाणी थांबलं नाही आणि दूषितही झालं नाही.

पॅनेलमध्ये युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचा पीएलसी होता. पीएलसी म्हणजे कारखान्यातला किंवा पंपहाऊसमधला छोटा संगणक. दाब, पातळी, तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून तो आकडे घेतो, आत भरलेल्या प्रोग्रामप्रमाणे निर्णय करतो आणि पंप, व्हॉल्व्ह, मोटर चालू-बंद करतो. हा पीएलसी इंटरनेटवरून थेट दिसत होता. या मालिकेतल्या उपकरणांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड 1111 होता आणि ती 20256 या ठरलेल्या पोर्टवर जोडणी स्वीकारत. हल्ला इराणच्या क्रांतिरक्षक दलाशी संबंधित गटाचा होता, असं अमेरिकी यंत्रणांनी जाहीर केलं. त्यांच्या नंतरच्या माहितीनुसार किमान 75 उपकरणं या गटाच्या हाती लागली आणि त्यातली किमान 34 अमेरिकेच्या पाणी क्षेत्रातली होती. त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका ग्रामीण योजनेवरही असाच हल्ला झाला आणि दीडशेहून जास्त घरांना दोन दिवस पाणी मिळालं नाही.

यात कुठेही असामान्य कौशल्य लागलेलं नाही, आणि मला तेच सर्वात गंभीर वाटतं. इंटरनेटवर दिसणारी उपकरणं शोधून त्यांची यादी ठेवणाऱ्या सेवा कित्येक वर्षांपासून आहेत. तिथे पीएलसीचं मॉडेलसुद्धा कळतं, आणि मॉडेल कळलं की कंपनीच्या मॅन्युअलमधून मूळ पासवर्डही कळतो. मग प्रश्न उरतो तो एकच: पंपहाऊसमधला पीएलसी इंटरनेटवर पोचतो कसा?

बहुतेक वेळा तो सोयीसाठी पोचतो. पॅनेल बसवणाऱ्या कंत्राटदाराला दर तक्रारीला साइटवर धावायचं नसतं. म्हणून तो पॅनेलमध्ये सिमकार्डचा राउटर टाकतो. साध्या सिमला बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता सहसा मिळत नाही, म्हणून तो मोबाइल कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागून घेतो. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग लावतो, म्हणजे या पत्त्यावर अमुक पोर्टला आलेली जोडणी सरळ पीएलसीकडे जाते. आता तो घरबसल्या लॅपटॉपवर प्रोग्राम उघडू शकतो, पण तोच पत्ता ठाऊक असलेला जगातला कोणीही तिथे पोचू शकतो. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत आणि गावोगावच्या पाणी योजनांतही काम करून घेण्याची पद्धत हीच असल्यामुळे ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही.

आपला पीएलसी उघडा आहे का, हे तपासायला मोठी सामग्री लागत नाही. कंत्राटदाराकडून राउटरचा पब्लिक आयपी घ्या. मग लॅपटॉप कारखान्याच्या नेटवर्कवर न ठेवता फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा, कारण आतून केलेली तपासणी बाहेरच्याला काय दिसतं ते सांगत नाही. पॉवरशेलमध्ये ही ओळ चालवा, मात्र पत्त्याच्या जागी फक्त स्वतःच्याच यंत्रणेचा पत्ता घाला:

```
Test-NetConnection 203.0.113.10 -Port 20256
```

उत्तरात `TcpTestSucceeded : True` आलं तर बाहेरून वाट मोकळी आहे. पोर्टचा आकडा पीएलसीच्या जातीप्रमाणे बदलतो. मॉडबससाठी 502, सीमेन्सच्या एस7 साठी 102, रॉकवेलसाठी 44818. `False` आलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका. कधी कधी पोर्ट बदलून ठेवलेलं असतं, म्हणून राउटरची फॉरवर्डिंगची यादी एकदा डोळ्यांनी बघावी.

उपाय दोन टप्प्यांत करता येतो. पहिला, पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाकायचं आणि बाहेरून येणाऱ्याने आधी व्हीपीएनमधून यायचं. व्हीपीएनला प्रत्येकाचं वेगळं खातं आणि पासवर्डशिवाय फोनवर येणारा कोड हवा. दुसरा टप्पा मला त्याहून आवडतो, कारण तो इलेक्ट्रिशियनला कळतो आणि दिसतो. राउटरचा वीजपुरवठा पॅनेलच्या दारावरच्या किल्लीच्या स्विचमधून घ्यायचा. कंत्राटदाराला काम असेल तेव्हा त्याने फोन करायचा, ऑपरेटरने किल्ली फिरवून जोडणी द्यायची, आणि दोन तासांनी टायमरने ती आपोआप तुटायची. रात्री दोन वाजता इराणमधून किंवा आणखी कुठून कोणी आलं, तर राउटरच बंद असतो. कंट्रोल रूमच्या संगणकावर एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर कायम चालू ठेवलेलं असेल, तर त्यालाही हाच नियम लावावा.

पासवर्ड 1111 वरून बदलायलाच हवा, त्यात वाद नाही. पण पीएलसीच्या बाबतीत पासवर्डची ताकद मर्यादित आहे, हे समजून घ्यावं. मॉडबस ही भाषा 1979 ची. तिच्या मूळ रूपात पासवर्ड नावाची गोष्टच नाही, नेटवर्कवर जो कोणी आहे तो रजिस्टरमध्ये आकडा लिहू शकतो. काही जुन्या पीएलसीत पासवर्ड तपासण्याचं काम उपकरण करत नाही, लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करतं. म्हणून वाट आधी बंद करायची आणि पासवर्ड नंतर बदलायचा, असा क्रम मी धरतो.

पासवर्डची उलटी बाजूही आहे, आणि आपल्याकडे तीच जास्त छळते. कंत्राटदार प्रोग्रामला स्वतःचा पासवर्ड लावून जातो, पुढे त्याचा व्यवसाय बंद होतो किंवा पैशांवरून बिनसतं, आणि मालकाला स्वतःच्याच पंपाचा टायमर बदलता येत नाही. ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं की सगळे पासवर्ड आणि शेरे-नावांसकट मूळ प्रोग्राम हाती आल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. ते पासवर्ड सीलबंद पाकिटात घालून प्लांट मॅनेजरच्या कपाटात राहावेत.

शेरे-नावांसकट म्हणण्याला कारण आहे. अॅलिक्विपाच्या गटाने पुढे आणखी उपद्रव केला. काही उपकरणांत त्यांनी आपला प्रोग्राम भरला, उपकरणांची नावं बदलली आणि आतला प्रोग्राम बाहेर काढण्याची सोयच बंद करून टाकली. अशा वेळी 'पीएलसीतून काढून घेऊ' हा भरवसा कोसळतो. हल्ला झाला नसला तरी तो भरवसा कच्चाच असतो. अनेक जातींमध्ये आतून काढलेल्या प्रोग्रामला नावं आणि शेरे नसतात. 'टाकी भरली' असं लिहिलेल्या ठिकाणी नुसता एक पत्ता दिसतो, आणि शेकडो ओळींत कोणती अट कशासाठी हे ओळखायला दिवस जातात. काही पीएलसींत तर मूळ प्रोग्राम मुद्दाम साठवून ठेवला नसेल तर तो परत मिळतच नाही.

म्हणून बॅकअप म्हणजे लॅपटॉपवरची मूळ प्रोजेक्ट फाइल. तिच्यासोबत स्क्रीनचा प्रोजेक्ट, राउटरची सेटिंग्ज आणि प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती ठेवायला हवी, कारण नव्या आवृत्तीत उघडलेली फाइल जुन्या पीएलसीत भरता येईलच असं नाही. आणखी एक गोष्ट हमखास सुटते: ऑपरेटरने स्क्रीनवरून भरलेले सेट पॉइंट. ते प्रोग्राममध्ये नसतात, पीएलसीच्या मेमरीत असतात. प्रोग्राम परत भरला की ते शून्यावर किंवा मूळ आकड्यावर जाऊ शकतात. दाब 3 बारला आला की पंप सुरू आणि 5 बारला बंद, असे आकडे कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले, तर तोही बॅकअपच. फाइलच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यातली एक नेटवर्कला न जोडलेल्या पेन ड्राइव्हवर. वर्षातून एकदा ती सुट्या पीएलसीत भरून बघावी. न भरलेला बॅकअप चालतो की नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं.

समजा, जूनमध्ये बॅकअप घेतला. ऑगस्टमध्ये एका रात्री पंप सारखा ट्रिप होतो. सक्शनचा दाब क्षणभर उतरतो आणि 5 सेकंदांत पंप बंद पडतो. कंत्राटदार फोनवरून जोडणी घेऊन ती वेळ 15 सेकंद करतो. सकाळी सगळे खूश, नोंद कोणाचीच नाही. डिसेंबरमध्ये पीएलसी जळतो. नव्यात जूनची फाइल भरली जाते आणि पंप पुन्हा ट्रिप होऊ लागतो. दोन दिवस सगळे पंपात आणि सेन्सरमध्ये दोष शोधत बसतात.

यावरचा उपाय एक वही आहे. तारीख, कोणी, काय बदललं, आधी किती, नंतर किती, कारण आणि परवानगी कोणाची, एवढं तिच्यात लिहायचं. बदल झाला की त्याच दिवशी नवी फाइल, नावात तारीख घालून. तातडीचा बदल आधी करून मग लिहिला तरी चालेल, पण ती पाळी संपायच्या आत. शिवाय महिन्यातून एकदा लॅपटॉप जोडून सॉफ्टवेअरमधली तुलनेची सोय चालवायची. ती फाइलमधला आणि पीएलसीतला प्रोग्राम शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवते.

अनेक पीएलसींवर बदल रोखणारी किल्लीसुद्धा असते. RUN वर ठेवली की प्रोग्राम बाहेरून बदलत नाही, PROG वर बदलतो. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा-नियंत्रकात घातक प्रोग्राम घुसवला गेला, तेव्हा त्या नियंत्रकाची किल्ली प्रोग्रामच्या जागी फिरवलेली राहून गेली होती. किल्ली RUN वर फिरवून काढून घ्यावी आणि तीच त्या वहीसोबत ठेवावी, म्हणजे बदल करायला आलेल्या माणसाला वही उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

तुलनेत फरक निघाला आणि वहीत त्याची नोंद नसेल, तर आधी चौकशी घरातच करावी. बहुतेक वेळा कोणीतरी केलेला पण न लिहिलेला बदलच सापडतो. कोणीच केला नसेल, तर पंप हातावर घ्यावा, राउटरची वीज काढावी आणि पीएलसीतला आताचा प्रोग्राम निघत असेल तर तो आधी वेगळा साठवावा. चांगली फाइल घाईने वरून भरली की घुसखोराने काय केलं याचा पुरावा पुसला जातो. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार नियंत्रण यंत्रणांवरचा असा हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवावा लागतो. तेव्हा साठवलेली ती फाइल आणि वहीची शेवटची पानं हाताशी असावीत.