गाळा घेण्याआधी संध्याकाळ मोजा

समजा, डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे आणि दोन गाळे समोर आहेत. एक स्टेशनजवळच्या रस्त्यावर, भाडं महिना ४५ हजार. दुसरा तिथून बराच आत, सोसायट्यांमधल्या नाक्यावर, भाडं १८ हजार. हे आणि पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. बहुतेक जण भाडं ऐकूनच मन बनवतात. माझं मत असं की आधी रस्ता पाहावा आणि भाडं त्यानंतर.

स्टेशनचा रस्ता सकाळीही भरून वाहतो, पण ती गर्दी आपल्या कामाची नाही. लोकल गाठायला धावणाऱ्याचा डबा पिशवीत आधीच असतो. आपलं गिऱ्हाईक संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊमध्ये घरी परततं. म्हणून मोजायची ती फक्त घराच्या दिशेनं, गाळ्याच्या समोरून जाणारी माणसं. दर तासाला पंधरा मिनिटं मोजली तरी पुरतं, मात्र कामाचा दिवस, शनिवार आणि रविवार वेगवेगळे मोजावेत. शेअर रिक्षाचा स्टँड कुठे आहे तेही पाहावं. गाळा स्टँडच्या पुढे असेल, तर गर्दीतला मोठा भाग तिथवर पोहोचतच नाही. समजा, स्टेशनच्या गाळ्यासमोरून पंधरा मिनिटांत ४५० माणसं गेली, म्हणजे तीन तासांत ५,४००. नाक्यावर त्याच वेळात ७२०.

आता पैशांकडे येऊ. शंभर रुपयांच्या विक्रीतले ५५ पीठ, भाजी, तेल, गॅस आणि पॅकिंगमध्ये जातात असं धरू. उरलेल्या ४५ मधून भाडं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे पगार, वीजबिल आणि आपला घरखर्च निघायला हवा. घरखर्च धंद्याच्या हिशेबात न धरणं ही फार मोठी चूक आहे. भाडं सोडून हे सगळं महिना ७५ हजार धरलं, तर स्टेशनच्या गाळ्याला एक लाख वीस हजार लागतात आणि त्यासाठी सुमारे २ लाख ६७ हजारांची विक्री व्हावी लागते. सरासरी बिल ९० रुपयांचं आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर रोज ११४ गिऱ्हाइकं. हाच हिशेब नाक्यावर केला की रोज ८८ येतात.

इथे जरा थांबावं. भाडं निम्म्याहूनही कमी झालं, पण लागणारी गिऱ्हाइकं जेमतेम २६ नी घटली. पगार आणि घरखर्च दोन्हीकडे सारखेच राहतात, त्यामुळे स्वस्त गाळा वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही.

नाक्यावर ही ८८ माणसं येणार कुठून? पोळी-भाजीसाठी माणूस दहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. तेवढा परिसर नकाशावर वर्तुळ काढून ठरवू नये, स्वतः चालून पाहावा, कारण मध्ये नाला किंवा रेल्वेचे रूळ आले की पलीकडची घरं तुटतात. समजा, आत ९०० घरं निघाली. एखादं घर महिन्यातून सहा वेळा पोळी-भाजी नेईल असं धरलं, तर ८८ चा आकडा टिकवायला सुमारे ३८० घरं नेहमीची हवीत, म्हणजे शंभरातली ४२. बहुतेक घरांत रोज स्वयंपाक होत असताना हे मला शक्य वाटत नाही. हा गाळा मी सोडून देईन.

स्टेशनच्या रस्त्यावर दोन केंद्रं आधीच आहेत असं धरू. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर कापडाची दुकानं एकमेकांना लागून असूनही चालतात, कारण साडी दहा ठिकाणी पाहून घेतली जाते. पोळीचं तसं नसतं. वाटेत जे पहिलं आणि मोकळं दिसेल, तिथे माणूस थांबतो. म्हणून त्या दोन्ही दुकानांसमोर उभं राहून किती जण पिशवी घेऊन निघतात ते मोजावं. पंधरा मिनिटांत प्रत्येकी नऊ दिसले, तर तीन तासांत प्रत्येकी १०८ झाले. आपल्याला लागतात ११४. म्हणजे जमलेल्या दुकानापेक्षाही थोडा जास्त धंदा नव्या दुकानाला करावा लागेल. तो होईल का, याचं उत्तर साडेआठनंतर मिळतं. पोळ्या संपल्या म्हणून माणसं परत फिरत असतील, तर तिसऱ्याला जागा आहे. दोघांपैकी एकाचा काउंटर त्या वेळी रिकामा असेल, तर असलेलं गिऱ्हाईकच दोघं वाटून घेत आहेत आणि तिसऱ्यानं तिथे जाऊ नये.

जागा आहे असं दिसलं, तरी ११ महिन्यांच्या करारावर समाधान मानू नये. गिऱ्हाईक बांधलं जातं तेव्हाच मालक भाडं वाढवतो. मुदत लांब घ्यावी, दरवर्षीची वाढ लिहून घ्यावी आणि वाढलेल्या भाड्यावर हिशेब पुन्हा मांडावा. दहा टक्के वाढ म्हणजे महिना साडेचार हजार, आणि ते भरून काढायला विक्री दहा हजारांनी, म्हणजे रोज चार-पाच गिऱ्हाइकांनी वाढावी लागते.