मोटर तीच, मग पाणी कमी का?

दिवाळीत धो-धो पाणी टाकणारी मोटर एप्रिल-मेमध्ये रडतखडत चालायला लागली की शेतकरी आधी मोटरलाच बोल लावतो. मग ती विहिरीतून वर काढा, वायरमनकडे टाका, रिवाइंडिंग करा. हजारो रुपये जातात आणि पाणी पुन्हा तेवढंच. पंपाचा दोष आहे की नाही, हे मोटर न काढता सांगता येतं. त्यासाठी एकाच कागदावर दोन रेषा काढायच्या.

एक विहीर धरू. आत पाच एचपीची पाणबुडी मोटर. पावसाळ्यानंतर पाणी काठापासून ८ मीटर खाली, आणि काठापासून शेततळं १२ मीटर उंचावर. म्हणजे पाणी एकूण २० मीटर चढवायचं. (आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, पण अवास्तव नाहीत.)

पहिली रेषा पंपाची. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर हा पंप ४० मीटर उंचीइतका दाब देतो, पण पाणी शून्य. सेकंदाला ३ लिटर पाणी काढलं तर दाब ३८ मीटरवर येतो, ६ लिटरला ३२ आणि ९ लिटरला २२. पाणी वाढत जाईल तसा दाब घसरत जातो. हा आलेख कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो.

दुसरी रेषा पाइपलाइनची. पाणी वाहत नसतानाही २० मीटर उंची आहेच. पाणी वाहू लागलं की त्यात घर्षणाची भर पडते, आणि ती साधारण प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पाणी दुप्पट तर घर्षण चौपट. आपल्या तीनशे मीटर लांबीच्या ७५ मिमी पाइपला ३ लिटरसाठी एकूण २३ मीटर दाब लागतो, ६ लिटरला ३२ आणि ९ लिटरला तब्बल ४७.

पंप देतो ते आणि पाइप मागतो ते, दोन्ही जुळतात फक्त ६ लिटरला. तिथे रेषा एकमेकींना छेदतात. हाच पंपाचा चालण्याचा बिंदू. पंपावर कितीही एचपी लिहिलेली असो, पाणी किती पडणार ते या छेदावर ठरतं.

आता मे महिना. पाणी आणखी ६ मीटर खाली गेलं. पंपाची रेषा जागच्या जागी आहे, पण पाइपलाइनची अख्खी रेषा ६ मीटर वर सरकली. नवा छेद साधारण ५ लिटरला, ३४.४ मीटर दाबावर. आधी दोनशे लिटरचा ड्रम ३३ सेकंदांत भरायचा, आता ४० लागतात. मोटर बिघडलेली नाही.

पण इम्पेलर झिजला तरी ड्रमला ४० सेकंदच लागू शकतात. तेव्हा पंपाची रेषा खाली बसलेली असते. मग ओळखायचं कसं? काठावरच्या पाइपला दाबमापक लावला तरी फसगत होते, कारण काठापासून तळ्यापर्यंतचा पाइप तोच, पाणीही तेवढंच. काटा दोन्ही वेळी २०.४ मीटर, म्हणजे जवळजवळ २ किलो दाखवतो.

उत्तर दोरीत आहे. मोटर चालू असतानाच दगड बांधलेली दोरी, पाइप-केबलला न गुंतवता, विहिरीत सोडायची आणि पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजायचं. बंद असताना मोजाल तर चुकाल, कारण उपसा सुरू झाला की पातळी उतरते. काट्याच्या आकड्यात ही खोली मिळवा. खोली १४ मीटर असेल तर बेरीज ३४.४. पंपाच्या आलेखावर ५ लिटरसमोर हाच आकडा आहे, म्हणजे पंप धडधाकट. खोली ८ मीटरच निघाली तर बेरीज २८.४, आलेखापेक्षा ६ मीटर कमी. अशा वेळी मोटर जरूर वर काढा. इम्पेलर झिजला असेल किंवा जाळी तुंबली असेल.

पाइप बदलला तरी बिंदू सरकतो. ७५ऐवजी ९० मिमी पाइप टाकला की घर्षण अडीचपटीने कमी होतं आणि याच मोटरीचं पाणी साडेसात लिटरवर जातं. इथे बरेच जण एका गोष्टीत चकतात. त्यांना वाटतं, ओझं हलकं झालं म्हणजे मोटर कमी करंट घेईल. शेतीतल्या नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात बहुधा उलटं घडतं. पाणी वाढलं की करंट वाढतो. जास्त हेडचा पंप कमी उंचीवर लावला किंवा पाइप विहिरीजवळच फुटला, तर मोटर भाराने तापून जळू शकते. म्हणून मोठा पाइप टाकल्यावर अँपिअरचा काटा मोटरच्या पाटीवरच्या आकड्याच्या वर जात नाही ना, ते आधी बघा.

नवी मोटर बसवाल त्याच दिवशी ड्रमचे सेकंद, काट्याचा दाब आणि पाण्याची खोली असे तीन आकडे स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा.