सॉकेटची पकड, कूलरची जागा आणि पाच अंश

इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरवरचा कूलर वर्षभराने काढला, तर पेस्ट पुसायच्या आधी तिचा ठसा नीट पाहावा. वरच्या आणि खालच्या टोकाला ती इतकी पातळ झालेली असते की खालचा धातू दिसतो. मधल्या पट्ट्यात मात्र तिचा जाड, ओलसर थर तसाच असतो. आता प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवून त्याच्या झाकणावर लांबीच्या दिशेने स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली अंधार आणि मध्ये प्रकाशाची बारीक फट दिसली, तर झाकण मध्ये दबलेलं आहे. उष्णता तयार करणारी चिप नेमकी त्या फटीखाली असते.

हे झाकण कारखान्यातून असं आलेलं नसतं, त्याला सॉकेटची पकड वाकवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० सॉकेटबरोबर इंटेलने प्रोसेसर लांबट केला. आधीचा ३७.५ मिलिमीटरचा चौरस होता, नवा ३७.५ बाय ४५ मिलिमीटरचा आयत झाला. पकडण्याची रीत मात्र जवळपास जुनीच राहिली. लिव्हर खाली केली की धातूची चौकट दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर, म्हणजे फक्त दोन जागी, प्रोसेसरला खाली दाबते. सॉकेटच्या तळाशी १७०० पिना स्प्रिंगसारख्या वर रेटत असतात. मध्ये दाब वरून आणि टोकांना रेटा खालून, अशा कात्रीत लांबट तुकडा वाकणारच. बाक केसाच्या जाडीच्या आसपासचा, पण कूलरचा तळ सपाट असेल तर तेवढाही पुरतो.

२०२२ च्या सुरुवातीला जर्मनीच्या इगोर्स लॅबने यावर एक साधा उपाय करून पाहिला. पकडीच्या चार स्क्रूंखाली एकेक मिलिमीटर जाडीचे वॉशर घातले. पकड तेवढी वर उचलली गेली, दाब कमी झाला आणि प्रोसेसरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. त्यानंतर काँटॅक्ट फ्रेम आल्या. थर्मल ग्रिझलीची फ्रेम डेरबाउअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओव्हरक्लॉकरसोबत तयार झाली आणि थर्मलराइटने स्वस्तातली बाजारात आणली. दोन्हींचं तत्त्व एकच आहे. मूळ पकड काढून टाकायची आणि तिच्या जागी अॅल्युमिनियमची अखंड चौकट बसवायची, जी झाकणाच्या चारही कडांवर सारखी टेकते.

इंटेलने त्याच वर्षी आपली बाजू मांडली. झाकणाला थोडा बाक येणं अपेक्षित आहे, त्यामुळे प्रोसेसर मर्यादेबाहेर जात नाही, आणि पकडीत बदल केला तर वॉरंटी जाऊ शकते. यातलं काहीच खोटं नाही. वाकलेला प्रोसेसर बिघडत नाही, तो फक्त जास्त तापतो. म्हणून विचारायचं ते एवढंच की किती जास्त तापतो आणि तेवढ्यासाठी वॉरंटी पणाला लावावी का.

हा हिशेब कागदावर करता येतो. तांब्यातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याचा अगदी छोटा हिस्साच पेस्टमधून जातो. पेस्टचं काम सूक्ष्म खळगे भरण्याचं. ती जाड झाली की अडथळाच होते. समजा बाकामुळे मध्यभागी ०.०५ मिलिमीटर जादा पेस्ट साचली. पेस्टची वाहकता दर मीटरला दर अंशाला ५ वॅट धरू. चिपमधली उष्णता झाकणात पसरून साधारण ५ चौरस सेंटिमीटरमधून वर जाते असं धरू. मग त्या जादा थरामुळे दर वॅटला ०.०२ अंशाची भर पडते. प्रोसेसर २०० वॅट घेत असेल तर ४ अंश वाढतात. तोच ६५ वॅटवर चालत असेल तर जेमतेम सव्वा अंश.

हे आकडे ढोबळ आहेत, पण यांतून माझं मत ठरतं. व्हिडिओ रेंडर करणाऱ्या, तासन्‌तास २०० वॅटच्या पुढे राहणाऱ्या आय९ ला फ्रेम लावणं समजू शकतं. घरगुती कामाच्या, ६५ वॅटच्या आय५ ला ती लावण्यात काहीच हशील नाही.

शिवाय ती लावताना जोखीम आहे. बोर्ड आडवा ठेवायचा, लिव्हर उघडायची, टी२० टॉर्क्स पान्याने चार स्क्रू काढायचे. त्याच स्क्रूंवर मागची पट्टी टांगलेली असते, म्हणून ती खालून धरायची, नाहीतर निसटते. पकड उचलताना प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्यायचा आणि हलू द्यायचा नाही, कारण खालच्या पिना बोटाच्या धक्क्यानेही वाकतात. मग फ्रेम ठेवून चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, एका वेळी पाव फेरा, असे आवळत जायचे. खरी गोम इथे आहे. मूळ पकडीत दाब कारखान्याने ठरवलेला असतो. इथे तो तुमच्या मनगटावर ठरतो. जास्त आवळलं किंवा एक कोपरा सैल राहिला, तर काही पिनांचा संपर्क बिघडतो आणि त्याचं पहिलं लक्षण तापमानात दिसत नाही. मशीन सुरूच होत नाही, किंवा दोनपैकी एक रॅम स्टिक बायोसमधून गायब होते. असं झालं तर रॅम खराब झाली असं समजून दुकान गाठू नका. आधी स्क्रू सैल करून पुन्हा सारखे आवळून बघा.

फ्रेमने एक गोष्ट उलटीही होऊ शकते. बरेच कूलर बनवणारे तळाचा मधला भाग मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे तो दबलेल्या झाकणात नीट बसतो. नॉक्टुआने २०२४ मध्ये एनएच-डी१५ जी२ हा कूलर तीन प्रकारच्या तळांसह काढला. त्यातला जास्त फुगीर तळ वाकलेल्या एलजीए १७०० प्रोसेसरसाठी आहे, आणि सपाट तळ फ्रेम लावलेल्यांसाठी. फ्रेमने झाकण सपाट केलं आणि वर फुगीर तळाचा कूलर बसवला, तर फट मधून निघून कडांना जाते आणि फायदा आटतो. एकाला फ्रेमने सात अंश मिळाले आणि दुसऱ्याला काहीच नाही, याचं कारण बहुतेक वेळा कूलरच्या तळात असतं.

आता ऑफसेट किटकडे येऊ. फ्रेम आणि ऑफसेट किट दुकानात शेजारी टांगलेली असतात म्हणून दोन्ही एकाच दुखण्याची औषधं वाटतात. तसं नाही. ऑफसेट किटचा वाकण्याशी संबंध नाही.

एएमडीचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यातल्या रायझन ७००० प्रोसेसरच्या झाकणाखाली एक अखंड चिप नसते. डेस्कटॉपच्या नेहमीच्या मॉडेलांत बोर्ड उभा असताना वरच्या बाजूला इनपुट-आउटपुटची मोठी, तुलनेने थंड चिप असते, आणि खालच्या कडेजवळ गणनेच्या एक किंवा दोन छोट्या चिपा. त्यांतली प्रत्येक सुमारे ७० चौरस मिलिमीटरची, आणि बहुतेक उष्णता त्यांचीच. कूलरचा मध्य मात्र झाकणाच्या मध्यावर येतो. दाबही तिथेच सर्वांत जास्त, पाण्याच्या कूलरमध्ये थंड पाण्याची धारही बहुधा तिथेच. ऑफसेट किट म्हणजे भोकं सरकवलेल्या दोन पट्ट्या. त्यांनी कूलर खालच्या बाजूला, नॉक्टुआच्या किटमध्ये ७ मिलिमीटर, सरकतो आणि कूलरचा मध्य गरम चिपांच्या जवळ येतो.

यातून तापमान उतरतं का? उतरतं, पण थोडं. नॉक्टुआ स्वतः १ ते ३ अंश सांगते, आणि विकणाराच इतका कमी आकडा सांगतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. याहून जास्त मिळणं अवघडच आहे, कारण एएम५ मधला मोठा अडथळा कूलरच्या जागेत नाही, झाकणात आहे. जुने कूलर बसावेत म्हणून एएमडीने ते जाड ठेवलं. डेरबाउअरने ते झाकणच उडवून कूलर थेट चिपवर बसवला, तेव्हा वीसेक अंश कमी झाले. एएम५ ची पकड प्रोसेसरला एलजीए १७०० सारखी वाकवत नाही, त्यामुळे एएम५ साठी मिळणाऱ्या फ्रेमने तापमानात फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. झाकणाच्या कडांना असलेल्या खाचांत पेस्ट जाऊ नये, एवढाच तिचा खरा उपयोग. किट घेण्याआधी कूलर ७ मिलिमीटर खाली आल्यावर ग्राफिक्स कार्डाला लागणार नाही ना, हेही मोजून घ्यावं.

मोजणं हीच खरी अडचण. रायझन ७००० चे वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत वेग वाढवत नेतात. किट लावल्यावरही स्क्रीनवर ९५ दिसले म्हणून किट फुकट गेलं असं नाही. तेवढ्याच तापमानात तो थोड्या जास्त वेगाने चालतो आहे. तुलना करायची तर आधी वॅट बांधून घ्यायचे. बायोसमध्ये इको मोड लावून १७० वॅटच्या मॉडेलला १४२ वॅटवर आणायचं आणि मग HWiNFO मध्ये `Tctl/Tdie` पाहायचं. इंटेलसाठीही वॅटची मर्यादा आधी आणि नंतर एकच ठेवून `CPU Package` पाहायचं. पंखे ठराविक वेगावर, वीस मिनिटांचा सलग भार, आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी.

दुसरं, खोलीचं तापमान वजा करायचं. आपल्याकडे एप्रिलमधल्या दुपारी आणि त्याच रात्री मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. समजा फ्रेम लावण्याआधी खोली ३४ अंश आणि प्रोसेसर ८६, म्हणजे फरक ५२. लावल्यानंतर रात्री खोली २९ आणि प्रोसेसर ८०, म्हणजे फरक ५१. डोळ्यांना सहा अंश कमी झालेले दिसतात, त्यातले पाच खोलीने दिले आणि हाती उरला एक. तोही कदाचित ताज्या पेस्टचा असेल. म्हणून मूळ पकड तशीच ठेवून आधी फक्त पेस्ट बदलायची आणि मोजायचं, फ्रेम किंवा किट त्यानंतर. बऱ्याच जणांना पहिल्या पायरीवरच हवा तो आकडा मिळतो, आणि पकड उघडायची वेळच येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एलजीए १८५१ सॉकेटमध्ये इंटेलने ही तक्रार अर्धी तरी मान्य केली. त्याची पकड दोन प्रकारांत येते, एक नेहमीची आणि एक कमी दाबाची. दुसरी प्रामुख्याने महागड्या बोर्डांवर मिळते. तिच्यासोबत कूलरनेच पुरेसा दाब द्यावा लागतो, म्हणून जुना कूलर लावायचा असेल तर तो चालतो का हे त्याच्या कंपनीच्या यादीत बघावं. या प्रोसेसरमध्ये चिपांची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे एएम५ चं ऑफसेट किट इथे चालेल असं गृहीत धरू नये. बोर्डाच्या माहितीपत्रकात RL-ILM अशी अक्षरं असतील तर पकड कमी दाबाची आहे, आणि वेगळी फ्रेम विकत घ्यायची गरज नाही.