तारखांचे रकाने

लखनौच्या चिकनकामात कापडावर आधी ठशांनी नक्षी छापतात, मग भरतकाम आणि शेवटी धुलाई होते. त्यामुळे कापड उशिरा आले की पुढची सर्व कामे खोळंबतात. समजा, एका कारखान्याने ५०० मीटर मलमल मागवली. पुरवठादाराने १० जूनची तारीख दिली. नंतर ती १७ जून केली. सामायिक तक्त्यात प्रशिक्षणार्थ्याने १० खोडून १७ लिहिले, तर सात दिवसांचा विलंब दिसेनासा होतो. म्हणून मूळ तारीख, सुधारित तारीख व प्रत्यक्ष आवक यांचे रकाने वेगळे ठेवतात. १७ जूनला ३०० मीटरच कापड आले, तर खरेदी-आदेश ‘पूर्ण’ न दाखवता २०० मीटर बाकी लिहावे लागते. अन्यथा ही तूट थेट छपाईच्या वेळीच उघडकीस येते.