दवाखाना चकाचक, तरी पेशंट नाराज का?

परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी 1988 साली सेवेची गुणवत्ता मोजणारी 22 विधानांची प्रश्नावली मांडली. प्रत्येक विधानाला 1 ते 7 गुण. आधी अपेक्षेसाठी, मग आलेल्या अनुभवासाठी. अनुभवातून अपेक्षा वजा केली की दरी कळते. विधानांचे पाच गट आहेत: दिसणाऱ्या सोयी, भरवसा, तत्परता, विश्वास वाटेल असं ज्ञान-वागणं आणि आपुलकी.

समजा, एका खासगी दवाखान्यात सोयींची अपेक्षा 5.5 आणि अनुभव 5.9 निघाला. दरी अधिक 0.4. भरवशात मात्र अपेक्षा 6.6, अनुभव 5.2, दरी उणे 1.4. सहाची वेळ देऊन सव्वासातला आत बोलावलं, तर पेशंट गुण कापतो तो इथेच.

पेशंटला पाच गटांत महत्त्वाचे 100 गुण वाटायला सांगतात. त्याने भरवशाला 35 आणि सोयींना 10 दिले, तर भारित दरी उणे 0.49 आणि अधिक 0.04. म्हणजे नव्या सोफ्यापेक्षा अपॉइंटमेंटची वही आधी सुधारायला हवी.

अपेक्षेचे प्रश्न तपासणीपूर्वीच विचारावेत, असं माझं ठाम मत आहे. तासभर ताटकळलेला माणूस नंतर अपेक्षाही वाढवूनच सांगतो.